आयोजकांकडून स्वीकृतीपत्र कसं मागावं? कंपनी मेलवर प्रवासखर्च मंजूर करत नाही

मृणाल_गंगापूररोड (3 जून, रात्री 9.40)

नमस्कार. परदेशी परिषदांना जाऊन आलेल्या किंवा असल्या फाइली ऑफिसात हाताळलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

मी नाशिकमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत आहे. निर्यातीच्या द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश तपासणं हे आमचं मुख्य काम. गेल्या हंगामात तपासणीच्या एका पद्धतीत आम्ही थोडा बदल केला. त्यावर मी आणि पुण्याच्या एका संशोधक मॅडमनी मिळून गोषवारा पाठवला होता. स्पेनमधल्या एका परिषदेने तो पोस्टर म्हणून स्वीकारलाय. परिषद 15 ते 18 सप्टेंबर. सवलतीची नोंदणी 30 जूनपर्यंत, फी 480 युरो. त्यानंतर 600.

आमचे लॅब-प्रमुख पाठीशी आहेत आणि कंपनी खर्च द्यायला तयार आहे. पण मुंबईच्या हेड ऑफिसातलं अकाउंट्स म्हणतं, "आलेली मेल चालणार नाही. आयोजकांच्या लेटरहेडवर, सहीनिशी पत्र आणा, मग प्रवास समितीपुढे ठेवतो." समिती 20 तारखेच्या आसपास बसते.

मी आयोजकांना 'इन्व्हिटेशन लेटर पाठवा' अशी विनंती केली. उत्तर लगेच आलं, की निमंत्रणपत्र नोंदणीची फी भरल्यावरच देतो. आता फी भरणार कंपनी, ती पत्राशिवाय भरणार नाही, आणि आयोजक फीशिवाय पत्र देणार नाहीत. फी स्वतःच्या खिशातून भरून मोकळी होऊ का? समितीने नाही म्हटलं तर पैसे बुडतील, कारण परताव्याचे नियम फारच कडक दिसताहेत.

प्राध्यापक_सिन्नर (3 जून, रात्री 10.15)

मॅडम, इतकं टेन्शन घेऊ नका. आमच्या कॉलेजात स्वीकृतीच्या मेलची प्रिंट काढायची, खाली 'सत्यप्रत' लिहून सही करायची, वर विभागप्रमुखांची सही घ्यायची. प्राचार्य मान्य करतात. माझं तीनदा झालंय. मेल हा अधिकृत पुरावाच आहे, कोर्टातही चालतो. तुमचे अकाउंट्सवाले उगाच अडवताहेत.

शिवाय कंपनीच्या मागे कशाला लागायचं? केंद्र सरकारच्या एसईआरबी या संशोधन-निधी मंडळाकडे परदेशी प्रवासाच्या अनुदानाला अर्ज करा, विमानाचं भाडं सुटेल.

लेखा_नाशिकरोड (4 जून, सकाळी 8.05)

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस, म्हणजे अडवणारा.

प्राध्यापक महाशय, कॉलेजात प्राचार्य तुम्हाला ओळखतात, पेपर कोणाचा आहे ते त्यांना ठाऊक असतं. मुंबईतला अकाउंटंट मृणालताईंना कधी भेटलेलाही नसतो. त्याच्या हातात फॉरवर्ड केलेली मेल येते. फॉरवर्ड करताना मजकूर कोणीही बदलू शकतो, तेव्हा ऑडिटरने विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं. मेल खोटी आहे असं कोणी म्हणत नाही. तिच्यातून खर्चाला आधार मिळत नाही, एवढंच.

मृणालताई, तुम्हाला आलेली मेल एकदा नीट वाचा आणि सांगा: तिच्यात तुमचं नाव आहे का? कंपनीचं आहे का? परिषदेच्या तारखा, ठिकाण, फी यांपैकी काय आहे? माझा अंदाज, यातलं जवळजवळ काहीच नसेल.

मृणाल_गंगापूररोड (4 जून, सकाळी 9.30)

अंदाज बरोबर. सुरुवात 'प्रिय लेखक' अशी आहे. गोषवाऱ्याचा क्रमांक आणि शीर्षक आहे, 'पोस्टर म्हणून स्वीकारला' असं आहे, आणि परीक्षकांच्या दोन ओळी. तारखा नाहीत, फी नाही. आणि मेल मला आलेलीच नाही, ती पुण्याच्या मॅडमना आली. गोषवारा त्यांच्या खात्यातून अपलोड केला होता. त्यांनी ती मला फॉरवर्ड केली.

सुहास_पंचवटी (4 जून, सकाळी 11.50)

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतो. आधी मी कोणत्या बाजूने बोलतोय ते सांगतो. पुण्यात असताना एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सचिवालयात मी पत्रांचं टेबल सांभाळलं आहे. अशा विनंत्या रोज यायच्या आणि बऱ्याचशा अशाच अडकायच्या.

तुम्ही निमंत्रणपत्र मागितलंत, त्यांनी निमंत्रणपत्राचा नियम सांगितला. त्यांचं काही चुकलं नाही. निमंत्रणपत्र व्हिसासाठी असतं आणि ते सचिवालय देतं. परिषदेच्या नावावर व्हिसा काढून तिकडे न फिरकणारे लोक असतात, म्हणून फी आल्याशिवाय ते कोणाला देत नाहीत. हा नियम तुमच्यासाठी कोणी मोडणार नाही.

तुम्हाला आत्ता हवंय ते स्वीकृतीपत्र. अमुक क्रमांकाचा गोषवारा तपासून स्वीकारला, तो अमुक व्यक्ती अमुक तारखांना सादर करणार, एवढंच त्यात असतं. स्वीकारण्याचा निर्णय कार्यक्रम समितीचा, म्हणून ते देण्याचा अधिकार त्या समितीच्या अध्यक्षांचा. निर्णय आधीच झालेला आहे, तेव्हा फीचा प्रश्नच येत नाही. व्हिसाचं निमंत्रणपत्र नंतर, नोंदणी झाल्यावर मागा. दोन पत्रं, दोन टेबलं, दोन वेगळ्या वेळा. तुमचं हे चक्र इथेच सुटतं.

आता मेल कोणाला आली त्याबद्दल. परिषदेच्या प्रणालीत गोषवारा पुण्याच्या मॅडमच्या नावावर आहे. तुम्ही तुमच्या पत्त्यावरून लिहिलंत तर तिथला माणूस यादीत बघणार, आणि त्याला दुसरंच नाव दिसणार. बरे आयोजक 'संपर्क-लेखकाने लिहावं' असं कळवतात, बाकीचे उत्तरच देत नाहीत. म्हणून विनंती मॅडमच्या खात्यातून जाऊ दे, तुम्हाला प्रतीत ठेवून. किंवा तुम्ही लिहा आणि त्यांनी त्याच मेलवर 'सादरीकरण मृणाल करणार आहेत, पत्र त्यांच्या नावाने द्यावं' असं एका ओळीत उत्तर द्यावं. प्रणालीत सादरकर्ता बदलायची सोय असेल तर तो बदल आधी करून घ्या.

ज्या पत्त्यावरून स्वीकृतीची मेल आली, त्याच्यावरच 'रिप्लाय' करू नका. बहुतेक वेळा तो यंत्राचा पत्ता असतो, उत्तर कोणी वाचत नाही. संकेतस्थळावर समितीच्या पानावर जा, अध्यक्षांचा पत्ता घ्या आणि सचिवालयाला प्रत लावा. विषयाच्या ओळीत गोषवाऱ्याचा क्रमांक हवाच. तो नसला तर शोधण्याचं काम त्यांच्या अंगावर पडतं, आणि अंगावर पडलेलं काम मागे पडतं.

गुरुजी_दिंडोरी (4 जून, दुपारी 1.20)

ताई, मला पण असंच पत्र मिळालं होतं. 2021 च्या डिसेंबरात नाशिकला 94 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी शाळेतून कर्तव्यरजा मागितली होती. मुख्याध्यापक म्हणाले, निमंत्रण दाखवा. मी ज्यांच्या कविकट्ट्यावर जाणार होतो त्यांना फोन केला, त्यांनी व्हॉट्सअॅपवर छान पत्र पाठवलं, मंजूर झालं. तुम्ही सरळ आयोजकांना फोन लावा. लेखी मागत बसलात तर सप्टेंबर उजाडेल.

आता नागपूरच्या शिक्षक-परिषदेसाठी मला मराठीतलं पत्र मिळालंय. जिल्हा परिषद ते चालवून घेईल ना?

सुहास_पंचवटी (4 जून, दुपारी 2.05)

गुरुजी, मराठी पत्र जिल्हा परिषदेत चालायलाच हवं, निर्धास्त राहा. पण तुमचा प्रश्न रजेचा होता. यांचा परकी चलनातल्या पैशाचा आहे, तो फोनवर सुटणार नाही.

लेखा_नाशिकरोड (4 जून, दुपारी 3.30)

सुहास सरांचं सगळं पटलं. माझ्या बाजूने भर घालतो, कारण बऱ्याचदा पत्र येतं आणि तरीही आम्ही ते परत पाठवतो.

पत्रात आम्ही पहिल्यांदा नाव बघतो. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच हवं. आपल्याकडे गोषवाऱ्यात लोक 'एम. के. अमुक' लिहितात, पगारपत्रकात माहेरचं आडनाव असतं आणि पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट सासरचं. तीन कागदांवर तीन बायका! तिकीट पासपोर्टवरच्या नावाने निघतं, मंजुरी पगारपत्रकातल्या नावाने. तेव्हा पत्रात पासपोर्टचं नाव आणि शेजारी कंपनीचं नाव व तुमचं पद असू द्या. तुमचा कर्मचारी क्रमांक आयोजक घालणार नाहीत, तो प्रस्तावात तुम्ही घाला.

नंतर खर्चाची बाजू. फी किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि आयोजक स्वतः काही देताहेत का. हे तिसरं लोक विसरतात. आयोजक राहण्याची सोय करत असतील आणि आम्हीही हॉटेलचे पैसे दिले, तर एकाच खर्चाचे पैसे दोनदा निघतात. म्हणून 'प्रवास, निवास आणि नोंदणी यांचा खर्च सहभागी व्यक्तीने किंवा तिच्या संस्थेने करायचा आहे' हे वाक्य पत्रात असलं तर आमचा अर्धा प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे काहीही न देणाऱ्या आयोजकांना हे लिहायला अडचण नसते. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते लिहीत नाहीत.

आणि एक. पत्रावर मंजुरी मिळते, पण पैसे जात नाहीत. कंपनीच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवताना बँक ए-टू फॉर्मसोबत बिल मागते. तर त्याच मेलमध्ये कंपनीच्या नावाने आणि पत्त्याने काढलेला प्रोफॉर्मा इनव्हॉइसही मागून ठेवा. मंजुरी 20 ला आली आणि बिलासाठी पुन्हा आठवडा गेला, तर 30 तारीख हुकलीच.

केदार_कॉलेजरोड (4 जून, संध्याकाळी 7.10)

सगळं ठीक, पण परिषद खरी आहे ना, ते कोणी विचारलंच नाही. अकाउंट्सला लेटरहेड हवंय, आणि लेटरहेड सगळ्यात देखणं असतं ते बोगस परिषदांचं. माझ्या मित्राला दोन दिवसांत 'अभिनंदन, तुमचा शोधनिबंध स्वीकारला' असं पत्र आलं होतं. सोनेरी किनार, गोल शिक्का, निळी सही. त्याने अजून निबंध लिहिलाही नव्हता, नुसतं शीर्षक पाठवलं होतं.

सुहास_पंचवटी (4 जून, रात्री 8.40)

केदार, रास्त शंका. पण यांच्या मेलमध्ये परीक्षकांच्या दोन ओळी आहेत आणि आयोजकांनी फीआधी व्हिसापत्र द्यायला नकार दिला. बोगसवाले नकार देत नाहीत, ते न मागता पत्र पाठवतात.

तरी एक तपासणी करून घ्या, नंतर प्रस्तावातही कामी येते. समितीतली दोन-तीन नावं निवडा आणि ती माणसं ज्या विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत आहेत, तिथल्या त्यांच्या पानावर या परिषदेचा उल्लेख सापडतो का ते बघा. परिषदेच्या पानावरून त्यांची नावं खात्रीची धरू नका. लोकांना न विचारता त्यांची नावं छापली जातात. शिवाय एकाच हॉटेलात त्याच तारखांना कृषी, दंतवैद्यक आणि व्यवस्थापन अशा सगळ्यांच्या परिषदा एकाच संस्थेच्या नावाने दिसल्या, तर पत्र कितीही चांगलं असो, जाऊ नका.

मृणाल_गंगापूररोड (4 जून, रात्री 10.30)

परिषद खरी आहे. पुण्याच्या मॅडम तिच्या आधीच्या सत्राला जाऊन आल्या आहेत आणि समितीतल्या एका सदस्यांना त्या ओळखतात. ही माहिती प्रस्तावात टाकते.

मेलचा मसुदा करतेय. पत्राचा मजकूर मीच वर्डमध्ये लिहून पाठवू का? म्हणजे त्यांना फक्त लेटरहेडवर घालायचा.

वर्षा_इंदिरानगर (5 जून, सकाळी 7.55)

हो, नक्की पाठव! मी तसंच केलं होतं, लगेच सही करून आलं. आणि मजकूर तूच लिहितेयस तर 'पोस्टर' कशाला, 'शोधनिबंध सादर करणार' असं लिही ना. आमच्या कंपनीत पोस्टर म्हटलं की साहेब म्हणतात, भिंतीला कागद चिकटवायला एवढे पैसे? आयोजक एवढं बघत नाहीत.

सुहास_पंचवटी (5 जून, सकाळी 9.20)

वर्षाताई, हे करू नका. कार्यक्रमपत्रिका सगळ्यांना बघता येते आणि तिच्यात ते पोस्टरच असणार. उद्या ऑडिटमध्ये कोणी ती उघडली तर आयोजकांची सही असलेलं पत्रच मृणालताईंविरुद्धचा पुरावा ठरेल. पोस्टरचा खर्च योग्य का, हे लॅब-प्रमुखांनी शिफारशीत सांगायचं. तो भार आयोजकांच्या पत्रावर टाकू नये.

मसुदा आपणच पाठवावा का? काही सचिवालयांना त्याने मदत होते. काहींचा नमुना ठरलेला असतो, त्यांना दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरावर सही करायला आवडत नाही, आणि मला ते चूक वाटत नाही. मी असतो तर पत्र लिहून पाठवलं नसतं. कोणत्या गोष्टी पत्रात हव्यात ते मेलमध्ये सलग सांगितलं असतं, त्यांच्या नमुन्यात त्या बसत असतील तर बसवतील. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर इथे मराठीत देतो, तुमच्या शब्दांत करून घ्या:

> विषय: गोषवारा क्रमांक अमुक, स्वीकृतीपत्राची विनंती (व्हिसापत्र नव्हे)
>
> आदरणीय डॉ. अमुक,
>
> आमचा वरील गोषवारा पोस्टर म्हणून स्वीकारल्याची मेल 22 मे रोजी मिळाली, आभारी आहोत. परिषदेत तो मी सादर करणार आहे. माझ्या सहलेखिका, ज्यांच्या खात्यातून गोषवारा आला, या मेलच्या प्रतीत आहेत.
>
> नोंदणी आणि प्रवासाचा खर्च माझी कंपनी करणार आहे. तो मंजूर करण्यासाठी कंपनीला परिषदेच्या लेटरहेडवर स्वीकृतीपत्र लागतं. मंजुरी मिळाली की कंपनी लगेच फी भरेल, म्हणून हे पत्र नोंदणीआधी मिळावं ही विनंती. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र मी नोंदणीनंतर तुमच्या नियमाप्रमाणे वेगळं मागेन.
>
> पत्रात माझं पासपोर्टवरचं नाव, पद व कंपनी, गोषवाऱ्याचं शीर्षक आणि क्रमांक, पोस्टर सादरीकरण प्रत्यक्ष हजर राहून करायचं असल्याचा उल्लेख, परिषदेच्या तारखा व ठिकाण, सवलतीची फी व तिची शेवटची तारीख, आणि खर्च सहभागी व्यक्तीच्या संस्थेने करायचा आहे हे वाक्य असावं. खाली आपली सही, पद आणि संपर्काचा पत्ता. सही केलेली पीडीएफ प्रत पुरेशी आहे.
>
> मंजुरीची बैठक 20 जूनच्या सुमारास आहे. पत्र 13 जूनपर्यंत मिळालं तर फाइल वेळेत जाईल. कंपनीच्या नावाचा प्रोफॉर्मा इनव्हॉइस सचिवालयाकडून मिळू शकेल का?

'व्हिसापत्र नव्हे' हे विषयातच का? कारण तुमची पहिली विनंती त्यांच्याकडे आहे. नाही तर दुसरी मेल वाचणारा तोच ठरलेला मजकूर पुन्हा चिकटवून पाठवेल.

'प्रत्यक्ष हजर राहून' हे मात्र परिषदेचा तसा नियम असेल तरच मागा. ऑनलाइन सादरीकरणाची सोय असेल तर ते असं लिहिणार नाहीत, आणि मग समिती हमखास विचारेल की घरबसल्या होतंय तर जाता कशाला.

प्राध्यापक_सिन्नर (5 जून, दुपारी 12.10)

छान मसुदा. पण एवढी मोठी मेल तिकडचे लोक वाचतात का? आणि एसईआरबीचं मी सुचवलं, त्यावर कोणीच बोललं नाही.

सुहास_पंचवटी (5 जून, दुपारी 1.00)

वाचतात, सर. तारीख आणि कारण लिहिलेली मेल आधी हातावेगळी होते. नुसतं 'लवकरात लवकर पाठवा' अशी मेल ढिगात जाते.

एसईआरबी आता त्या नावाने राहिलेलं नाही. 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि एसईआरबी त्यात सामावलं गेलं. खासगी प्रयोगशाळेतल्या माणसाने तिथे अर्ज करण्याआधी सध्याचे पात्रतेचे नियम वाचावेत. आणि तिथेही स्वीकृतीपत्र लागतंच, म्हणजे आपण फिरून त्याच दारात. कंपनी द्यायला तयार असताना मी तरी दुसरं दार ठोठावणार नाही.

मृणाल_गंगापूररोड (5 जून, संध्याकाळी 6.45)

मेल गेली. मॅडमनी लगेच खाली त्यांची ओळ टाकली. व्हिसाला वेळ पुरेल ना, हीच आता धाकधूक. पत्र, मग समिती, मग फी, मग निमंत्रणपत्र, आणि त्यानंतर व्हिसाची भेटवेळ.

वर्षा_इंदिरानगर (5 जून, रात्री 9.15)

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण त्या 15 दिवसांवर विसंबू नकोस, जास्त कागद मागितले तर निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात. स्पेनचे अर्ज बीएलएस या कंपनीच्या व्हिसा केंद्राकडे जातात, आणि भेटवेळ मिळणं हेच उन्हाळ्यात अवघड असतं. निमंत्रणपत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात हातात पडेल असं बघ. ऑगस्टमध्ये स्पेनमधली निम्मी ऑफिसं सुट्टीवर असतात, तेव्हा पत्रात एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्त करायला माणूस सापडत नाही.

मृणाल_गंगापूररोड (12 जून, सकाळी 10.20)

काल अध्यक्षांच्या सचिवांना त्याच मेलवर एक आठवण केली आणि आज पत्र आलं! लेटरहेड आहे, सही आहे, तारखा, फी, खर्चाचं वाक्य सगळं आहे. प्रत्यक्ष हजर राहण्याबद्दलही आहे, शिवाय 'सादरकर्त्याची नोंदणी 30 जूनपर्यंत झाली नाही तर पोस्टर कार्यक्रमातून वगळलं जाईल' असं त्यांनी आपणहून घातलंय.

पण दोन गोष्टी आहेत. पहिली, नावात मधलं नाव गाळलंय. दुसरी, पत्र अकाउंट्सला पाठवल्यावर लगेच फोन आला: "यावर शिक्का नाही." आणि सही हाताची दिसत नाही, चित्र चिकटवल्यासारखी आहे.

लेखा_नाशिकरोड (12 जून, दुपारी 12.40)

'वगळलं जाईल' हे वाक्य प्रस्तावात पहिल्या परिच्छेदात उचलून घ्या. समितीचा निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलायचा झाला तर त्याचा परिणाम काय, ते आयोजकांनीच लिहून दिलंय.

मधलं नाव दुरुस्त करून घ्याच. पण दुरुस्तीच्या मेलला पासपोर्टचं पहिलं पान जोडू नका, ते परदेशात कोणाकोणाकडे जाईल सांगता येत नाही. नाव फक्त टाइप करून पाठवा.

शिक्क्याचं मात्र अवघड आहे. आमच्या खात्यात शिक्का नसलेला कागद हा कागदच नाही असं मानणारी पिढी अजून आहे. मी त्यातला नाही, पण माझे साहेब आहेत.

सुहास_पंचवटी (12 जून, दुपारी 2.15)

युरोपात बऱ्याच परिषदांकडे शिक्का नसतो. स्पेनमध्ये विद्यापीठांच्या विभागांकडे मात्र अजून सापडतो, तेव्हा नावाची दुरुस्ती मागताना 'शिक्का उपलब्ध असल्यास' एवढं जोडा. नसला तर आग्रह धरू नका. शिक्क्यासाठी तिसरी मेल पाठवलीत तर दुरुस्तीही लांबेल.

अकाउंट्सला दुसरी वाट दाखवा. पत्र ज्या मेलला जोडून आलं ती मेल फॉरवर्ड करू नका, फाइल म्हणून साठवून जोडा, म्हणजे ती कोणत्या पत्त्यावरून आली ते त्यांच्या आयटीवाल्यांना तपासता येतं. पत्ता परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या डोमेनचा असेल तर पत्र कुठून आलं हा प्रश्न शिक्क्यापेक्षा चांगला सुटतो. जीमेलवरून आलं असेल तर त्यांची शंका मीही धरेन.

केदार_कॉलेजरोड (12 जून, दुपारी 3.00)

गोल शिक्का पंचवटीत तासाभरात करून मिळतो, हे अकाउंट्सला सांगा. मग बघू कशावर विश्वास ठेवतात.

मृणाल_गंगापूररोड (16 जून, रात्री 9.05)

पूर्ण नावाचं पत्र आणि कंपनीच्या नावाचा प्रोफॉर्मा इनव्हॉइस आले. मेल विद्यापीठाच्या पत्त्यावरूनच आहे, ती साठवून जोडली. शिक्का नाही. सचिवांनी लिहिलं की त्यांच्याकडे शिक्का वापरत नाहीत, शंका असल्यास कंपनीने थेट या पत्त्यावर विचारावं, आम्ही उत्तर देऊ. ते वाक्यही प्रस्तावात घातलंय.

लॅब-प्रमुखांनी पोस्टरबद्दल अर्धं पान शिफारस लिहिली. अकाउंट्सने फाइल घेतली, पण वर 'शिक्क्याविना, समितीच्या निर्णयास अधीन' असा शेरा मारलाय. आता हे चालतं की नाही ते 20 ला कळेल.

लेखा_नाशिकरोड (16 जून, रात्री 9.50)

शेरा मारला म्हणजे त्यांनी जबाबदारी वर ढकलली. आमच्याकडे नको असलेली फाइल परत येते, शेऱ्यासकट पुढे जात नाही. तरी समितीतल्या कोणाला आधी भेटता येत असेल तर लॅब-प्रमुखांना एक फोन करायला सांगा.

गुरुजी_दिंडोरी (17 जून, सकाळी 6.40)

ताई, मी म्हणत होतो ना, फोन करा. आणि माझं नागपूरचं पत्र मुख्याध्यापकांनी परत केलं, तारीख नव्हती म्हणून. आता आयोजकांना लिहायचं तर विषयाच्या ओळीत काय लिहू?

सुहास_पंचवटी (17 जून, सकाळी 8.30)

गुरुजी, विषय: 'निमंत्रणपत्रावर दिनांक घालून मिळणेबाबत'. सोबत जुन्या पत्राचा फोटो जोडा, आणि परिषद कोणत्या तारखांना आहे तेही पत्रात आहे का ते आजच बघून घ्या.